पोस्टर अरबीत नेताना

दुबईत राहून अरबी भाषांतराचं काम करणाऱ्या मराठी माणसाकडे दर हिवाळ्याच्या तोंडावर एक ठरलेला निरोप येतो. व्हॉट्सॲपवर फोटो, आणि खाली एक ओळ : "ताई, एवढं अरबीत करून द्याल का? छोटंसंच आहे." गेल्या काही वर्षांत असे कितीतरी फोटो माझ्याकडे आले. गणेशोत्सवाचे, दिवाळी पहाटचे, नाटकांचे, गाण्याच्या मैफलींचे. मजकूर खरंच छोटा असतो. पण त्यात तारीख असते, जागा असते आणि तिकिटांचे भाव असतात. अरबी पोस्टरवर जे काही बिघडतं ते बहुतेक याच तीन गोष्टींत बिघडतं, म्हणून त्यांच्याविषयीच लिहिते आहे. उदाहरणाला २०२४ च्या ऑक्टोबरातल्या एका नाट्यसंगीताच्या मैफलीचं पोस्टर घेते, कारण त्या एका कागदावर जवळजवळ सगळे प्रश्न एकत्र आले होते.

फोटो होता करामामधल्या एका किराणा दुकानाच्या काचेवर चिकटवलेल्या पोस्टरचा. तो बाजूने काढलेला, काचेवर रस्त्यावरच्या दिव्याची तिरीप, आणि दोनतीन ग्रुपांमधून फिरून आल्यामुळे अक्षरांच्या कडा फुटलेल्या. सर्वांत खालची पट्टी, म्हणजे जिथे नोंदणीचा फोन असतो ती, फोटोत अर्धीच आली होती. मराठी पोस्टरवर आकडे देवनागरीत, तेही सुलेखनाच्या वळणाचे. तारखेत एक आहे की नऊ हेच कळेना. "शनिवार, ११ ऑक्टोबर" की "शनिवार, १९ ऑक्टोबर"?

इथे वार उपयोगी पडतो. पोस्टरवर वार आणि तारीख दोन्ही असतात, आणि दोन्ही एकाच वेळी चुकीची वाचली जाण्याची शक्यता कमी असते. २०२४ मध्ये ११ ऑक्टोबरला शुक्रवार होता आणि १९ ला शनिवार. म्हणजे १९. पोस्टरवर साल मात्र नव्हतं. मराठी मंडळींना पोस्टर यंदाचंच आहे हे सांगावं लागत नाही, पण फोटो वर्षभराने पुन्हा फिरू शकतो, म्हणून अरबीत मी साल घालतेच. तारीख अशी पडताळून घेतली तरी मी तेवढ्यावर थांबत नाही. मंडळाच्या चिटणीसांना फोन करून त्यांच्या तोंडून वार, तारीख, वेळ आणि भाव म्हणवून घेते. "काका, पोस्टरकडे न बघता सांगा," असं म्हणते, कारण बघून सांगितलं की पोस्टरवर जे छापलं आहे तेच पुन्हा ऐकू येतं. त्या फोनमध्येच कळलं की पोस्टरवर सायंकाळी ७ छापलं असलं तरी सभागृहाचे दरवाजे सातला उघडतील आणि गाणं साडेसातला सुरू होईल.

मूळ फाइलही मी मागते. फोटोवरून शब्द वाचता येतात, पण नोंदणीचा क्यूआर कोड फोटोवरून कापून नव्या पोस्टरवर चिकटवला तर बऱ्याचदा तो फोनला वाचता येत नाही. तो मूळ फाइलमधूनच घ्यायचा, आणि नव्या पोस्टरवर बसला की आपल्या फोनने उघडून बघायचा.

मग मी कागदावर एक यादी करते. ती अजून अरबी नसते, मराठीच असते. प्रत्येक ओळीत एकच गोष्ट : वार-तारीख-साल, दरवाजे उघडण्याची वेळ, सुरुवातीची वेळ, जागा, मग तिकिटांचे वर्ग. वर्गाचं नाव आणि भाव एकाच ओळीत. प्लॅटिनम २००. गोल्ड १२५. सिल्व्हर ७५. दिरहमात. नाव एका रांगेत आणि भाव दुसऱ्या रांगेत असं कधीही लिहीत नाही. यामागचं कारण पुढे येईलच.

आता त्या पोस्टरवरचा एक शब्द. भावांच्या वर मोठ्या अक्षरांत होतं : "देणगी प्रवेशिका". आपल्याकडे हा शब्द इतका रुळला आहे की तो वाचताना कुणाच्या मनात देणगीचा विचारही येत नाही. तिकीट म्हणजे देणगी प्रवेशिका, संपलं. मात्र शब्दाला शब्द ठेवून त्याचं अरबी केलं तर त्यात "तबर्रु" येतं, आणि तबर्रु म्हणजे खरीखुरी देणगी, दानधर्मासाठी गोळा केलेला पैसा. संयुक्त अरब अमिरातीत देणग्या गोळा करण्याचं काम परवाना असलेल्या संस्थांनीच करायचं असतं, त्यासाठी २०२१ चा स्वतंत्र संघीय कायदा आहे. नाट्यसंगीताच्या मैफलीच्या पोस्टरवर अरबीत "देणगी" छापणं म्हणजे आपण जे करत नाही आहोत त्याची जाहिरात करणं, आणि तीही सरकारी कचेरीतला माणूस सहज वाचेल अशा भाषेत. इथे "तज़ाकिर", म्हणजे तिकिटं, एवढाच शब्द योग्य. चिटणीसांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अहो पण आम्ही गेली कित्येक वर्षं देणगी प्रवेशिकाच म्हणतो." मराठीत खुशाल म्हणा, अरबीत नको, एवढंच मी सांगितलं. पुढच्या वर्षी त्यांनी मराठी पोस्टरवरही "तिकीट" छापलं, ते मला जास्त आवडलं.

याच जातीचा दुसरा शब्द म्हणजे "आग्रहाचे निमंत्रण". पोस्टरच्या तळाशी तो हमखास असतो. अरबीत त्याच्या जवळपास जाणारा तयार वाक्प्रचार आहे, "अद्-दावा आम्मा", निमंत्रण सर्वांना. पण कार्यक्रमाच्या पोस्टरवर हे वाचलं की अरब माणूस समजतो की प्रवेश खुला आहे, तिकीट नाही. वर तीन भाव आणि खाली "निमंत्रण सर्वांना" असं एकत्र छापलं तर दारावर वाद ठरलेला. ही ओळ सरळ गाळायची. "सहर्ष सादर करीत आहे", "रसिकांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे" यांचंही तेच. मराठीत त्या ओळी घरच्या माणसांशी बोलल्यासारख्या वाटतात, अरबी वाचकाला त्यांतून काही मिळत नाही आणि जागा मात्र जाते. तिकिटाची ओळ अशी ठेवायची : "इह्जिज़ू तज़ाकिरकुम", आपली तिकिटं आरक्षित करा. इथे अनेकवचन घेते. एकवचनी आज्ञार्थ पुरुषाला उद्देशून होतो. अनेकवचन सर्वांना पोहोचतं आणि त्यात घरच्या मंडळींना घेऊन या असाही भाव आपोआप येतो.

"अर्ली बर्ड" सवलतीचा पक्षी अरबीत न्यायचा नाही, हे सांगायची गरज नसावी, तरी मी तो नेलेला पाहिला आहे. त्याला "अल्-हज्ज़ अल्-मुबक्किर" म्हणतात, म्हणजे लवकरचं आरक्षण. तिथे शेवटची तारीख देताना "५ ऑक्टोबरपर्यंत" एवढ्याने भागत नाही. पाच तारीख धरून की सोडून? अरबीत मी "त्या दिवसाच्या अखेरपर्यंत" असं स्पष्ट लिहिते. लहान मुलांच्या मोफत प्रवेशालाही हेच लागू. "पाच वर्षांखालील" आणि "पाच वर्षांपर्यंत" यांत एका वर्षाचं अंतर आहे आणि दारावर उभ्या असलेल्या आईबापांना ते फार मोठं वाटतं.

आता कार्यक्रमाचं नाव. इथे आकर्षकपणाचा प्रश्न येतो, आणि इथेच एक खड्डा आहे जो मराठी माणसाने माहीत करून घ्यायलाच हवा. "मराठी गाणी" असं अरबीत लिहिताना आपल्या उच्चाराप्रमाणे म, र, आ, ठ, ई अशी अक्षरं मांडली तर जो शब्द तयार होतो तो अरबीत आधीपासूनच आहे. "अल्-मरासी". आपल्याकडे मोहरममध्ये जो मर्सिया म्हटला जातो, त्याचं हे अरबी अनेकवचन : विलापिका, मृताच्या आठवणीतली शोकगीतं. लिहिताना आपल्या ठ च्या जागी अरबीत जे अक्षर घेतात ते तेच आहे, स आणि थ यांच्या मधल्या उच्चाराचं. म्हणजे आनंदाच्या मैफलीच्या पोस्टरवर "शोकगीतांची संध्याकाळ" छापलं जाण्याची पूर्ण सोय आहे. यावर उपाय साधा. मीमनंतर एक अलिफ घालायचा, म्हणजे "मा" लांब होतो, आणि त्याआधी "भाषा" हा शब्द ठेवायचा : "बिल्-लुगा अल्-माराथिय्या", मराठी भाषेत. अलिफ घातला की शब्द "मॅराथॉन"च्या अरबी लेखनाच्या जवळ जातो, म्हणून "भाषा" शब्द सोडायचा नाही. दोन्ही एकत्र असले की गैरसमजाला जागा राहत नाही.

नाट्यसंगीत म्हणजे काय हे अरब वाचकाला कसं सांगायचं? मूळ नाव उच्चारून लिहिलं तर त्याला काहीच कळणार नाही, आणि "भारतीय गाणी" लिहिलं तर त्याच्या डोळ्यांपुढे हिंदी चित्रपट येईल. सुदैवाने अरबांना संगीत रंगभूमी परकी नाही. किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात "शाकुंतल" आणलं. बालगंधर्वांचा उमेदीचा काळ होता तेव्हा कैरोत शेख सलामा हिगाज़ी गात होते आणि त्यांच्यानंतर सय्यद दरवीश आले. दोन्हीकडे नाटक पाहायला लोक गाण्यासाठी जात. अरबीत त्याला "अल्-मस्रह अल्-गिनाई" म्हणतात, गाण्याची रंगभूमी. तो शब्द घेतला की कैरोच्या माणसालाही आणि शारजाच्या माणसालाही एका क्षणात कळतं. मी शेवटी शीर्षक केलं : "उम्सिया मिन् रवाइ अल्-मस्रह अल्-गिनाई अल्-हिंदी", भारतीय संगीत रंगभूमीच्या उत्तम रचनांची संध्याकाळ. त्याखाली लहान अक्षरांत "मराठी भाषेत गाणी". "उम्सिया" हा शब्द गाण्याच्या, कवितेच्या संध्याकाळीसाठीच वापरतात. आपल्या "मैफली"चा सूर त्यात बराचसा येतो.

"तरब" हा शब्द वापरायचा मोह होतो. गाणं ऐकताना माणूस ज्या धुंदीत जातो तिचं हे अरबी नाव, आणि पोस्टरवर तो फार देखणा दिसतो. मी तो टाळला. तरब म्हटलं की श्रोता उम्म कुलसूमच्या परंपरेतलं गाणं ऐकायला येतो. त्याला नवं काहीतरी ऐकायला बोलवायचं असेल तर त्याची अपेक्षा चुकीच्या दिशेला न्यायची नाही. शीर्षक देखणं असावंच, पण जे मंचावर होणार नाही त्याचं वचन त्यात नसावं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

जागेच्या नावाचं मात्र भाषांतर करायचंच नाही. ते जिथे आहे तिथे जाऊन किंवा त्या जागेच्या स्वतःच्या पाटीचा फोटो मागवून, जसं लिहिलं आहे तसंच उतरवायचं. मैफल ऊद मेथामधल्या एका शाळेच्या सभागृहात होती. इंग्रजी किंवा मराठी लेखनावरून अरबी लेखन ओळखता येत नाही, हे दुबईच्या नावांनी मला शिकवलं. "सतवा" मध्ये जो त आहे तो अरबीतला जड त, आपण तो साधा समजतो. "जुमेरा"च्या शेवटी अलिफ आहे, करामाच्या शेवटी गोल ता. "अल् कूझ" मधला क हा घशातला क़ाफ. असा एक शब्द चुकीच्या अक्षराने लिहिला तर वाचणारा समजून घेतो, पण नकाशात शोधायला गेला तर सापडत नाही. आणि पोस्टरवरून जागा शोधायचीच असते. मेट्रोच्या स्थानकांवर नावं दोन्ही लिप्यांत आहेत, तेवढा एक फोटो काढला की वस्तीच्या नावाचा प्रश्न मिटतो. भारतातून तयार होऊन येणाऱ्या मजकुरात आणखी एक खोच दिसते. तो उर्दू कळफलकावर टाइप केलेला असतो, त्यामुळे काफ आणि ये ही अक्षरं उर्दूच्या संकेताची पडतात. डोळ्याला फरक जेमतेम जाणवतो, शोधायला गेलं की जाणवतो.

महिन्यांची नावं देशागणिक बदलतात. आखातात आणि इजिप्तमध्ये ऑक्टोबरला "उक्तूबर" म्हणतात, तर सीरिया, लेबनॉन, इराकमध्ये "तिश्रीन अल्-अव्वल". पोस्टर दुबईचं, म्हणून उक्तूबर. महिना आकड्यात लिहायचा नाही, शब्दातच लिहायचा. त्याला एक तांत्रिक कारण आहे, आणि ते समजलं की अरबी पोस्टरवरच्या अर्ध्या विचित्र चुका कशा होतात ते कळतं.

अरबी उजवीकडून डावीकडे चालते, पण तिच्यातली संख्या डावीकडून उजवीकडेच लिहितात. संगणकाला प्रत्येक चिन्हाची दिशा ठरवावी लागते. अक्षर आणि अंक यांची दिशा त्याला ठाऊक असते. अडतो तो मधल्या आडव्या रेघेपाशी, अधिक चिन्हापाशी आणि मोकळ्या जागेपाशी. अरबी शब्दानंतर "19-10-2024" असं रेघा घालून लिहिलं तर ते तीन सुटे आकडे होतात आणि उजवीकडून मांडले जातात, म्हणजे पडद्यावर दिसतं "2024-10-19". तिरकी रेघ घातली तर क्रम राहतो. फोनच्या बाबतीत तर गोंधळच. देशाचा संकेतांक, मग मोकळी जागा, मग पुढचे गट, असं लिहिलं की शेवटचा गट सर्वांत डावीकडे जाऊन बसतो आणि अधिक चिन्ह उजव्या टोकाला लोंबकळतं. तो फोन लावला तर लागणार नाही. यावर दोन उपाय. फोनला वेगळी चौकट द्यायची आणि तिची दिशा डावीकडून उजवीकडे ठेवायची. ते जमत नसेल तर संख्येच्या आधी दिशा सांगणारं अदृश्य चिन्ह टाकायचं, युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक `U+200E`. वेळेचा पट्टा, समजा "सात ते दहा", रेघेने लिहायचा नाही. "मिन्" आणि "इला", पासून आणि पर्यंत, हे शब्द घालायचे. शब्द असले की दिशेचा घोळ उरत नाही.

सायंकाळसाठी अरबीत "म" हे एक अक्षर पुरतं, सकाळसाठी "स". अडचण अशी की सालानंतर इसवी सनासाठीही तेच "म" लिहितात. एकाच ओळीत दोन "म" आले की नजर अडखळते. म्हणून मी वेळ अक्षरी लिहिते : "अस्-साबिआ वन्-निस्फ मसाअन्", सायंकाळी साडेसात. थोडी जागा जाते, पण ती ओळ भारदस्त दिसते आणि तिच्यात चूक होऊ शकत नाही.

भावांपाशी व्याकरण आडवं येतं. अरबीत संख्येप्रमाणे दिरहम शब्दाचं रूप बदलतं. दोनशेसोबत एक रूप, पंच्याहत्तरसोबत दुसरं, पाचसोबत अनेकवचन. तीन वर्गांच्या तीन भावांपुढे दिरहम तीनदा लिहिला तर एक तर रूपं वेगळी दिसतात, नाहीतर सगळीकडे एकच घालून व्याकरण मोडावं लागतं. पुष्कळ पोस्टरांवर मोडलेलंच असतं आणि चालतं. मी भावांच्या वर एकदाच लिहिते, "अल्-अस्आर बिद्-दिरहम", भाव दिरहमात, आणि खाली नुसते आकडे. वर्गांची नावं "फिआ" या स्त्रीलिंगी शब्दाशी जुळवायची : अल्-फिआ अल्-ब्लातीनिय्या, अज़्-ज़हबिय्या, अल्-फिद्दिय्या. सोनेरी, रुपेरी हे अरबीत छान दिसतं.

इतकं सगळं नीट करून मी मजकूर पाठवला, त्यांनी तो मान्य केला, आणि पोस्टर छपाईच्या दुकानात गेलं. मराठी पोस्टरवर वर्ग डावीकडून उजवीकडे तीन चौकटींत होते. वर नाव, खाली भाव. डावीकडे प्लॅटिनम २००, मधे गोल्ड १२५, उजवीकडे सिल्व्हर ७५. तिथल्या मांडणी करणाऱ्या मुलाला कुणीतरी सांगितलं होतं की अरबीत सगळं उलट करायचं. त्याने नावांची रांग उलटवली. भावांची रांग वेगळ्या थरात होती, ती तशीच राहिली. आकडे त्याने माझ्या मजकुरातले न घेता अरबी वळणाचे करून टाकले, छान दिसतात म्हणून. त्या वळणात पाच म्हणजे आपल्या शून्यासारखा गोल, शून्य म्हणजे नुसता ठिपका आणि सात म्हणजे वर उघडी पाचर. त्याला ते वाचता येत नव्हते, चिटणीसांनाही येत नव्हते. त्यामुळे उजवीकडे प्लॅटिनमखाली पंच्याहत्तर, डावीकडे सिल्व्हरखाली दोनशे. मधलं गोल्ड मात्र जिथल्या तिथे, एकशेपंचवीस. कुणीतरी मधली चौकट जुळवून बघितली होती आणि बरोबर आहे म्हणून पुढे धाडलं होतं.

पोस्टर दोन दिवस फिरलं. मग नोंदणीच्या फोनवर अरबीतून विचारणा आली की प्लॅटिनमची चार तिकिटं पंच्याहत्तरने हवी आहेत. चिटणीसांनी मला फोन केला. मी चित्र मागवलं आणि पाहिल्याबरोबर काय झालं ते दिसलं. ज्यांनी त्या भावाने तिकिटं घेतली होती त्यांना मंडळाने त्याच भावाने पहिल्या रांगेत बसवलं. ते योग्यच केलं असं माझं मत आहे. छापलेला भाव हा दिलेला शब्द असतो.

त्या प्रसंगानंतर माझ्या कामाची पद्धत बदलली ती अशी. मजकूर मान्य झाला म्हणून काम संपलं असं मी धरत नाही. तयार चित्र माझ्याकडे परत आल्याशिवाय ते बाहेर जाऊ द्यायचं नाही, ही अट आधीच सांगते. मजकूर नुसता साध्या संदेशात न पाठवता पीडीएफमध्येही पाठवते, म्हणजे अक्षरं कशी दिसायला हवीत याचा नमुना त्यांच्यापुढे असतो. तिकिटाच्या प्रत्येक वर्गाचं नाव आणि भाव एकाच चौकटीत, एकाच थरात ठेवायला सांगते, म्हणजे हलवलं तर दोन्ही बरोबर हलतील. दुबईच्या पोस्टरवर आकडे आपल्या ओळखीचे, इंग्रजी वळणाचे ठेवायला सांगते. इथे दोन्ही वळणं चालतात, आणि साखळीतल्या प्रत्येकाला, म्हणजे मांडणी करणाऱ्याला, चिटणीसांना, दारावरच्या स्वयंसेवकाला, ते वाचता आले पाहिजेत. कैरोसाठी पोस्टर असतं तर मी अरबी वळणाचेच घेतले असते, तिथे रोजच्या व्यवहारात तेच आहेत, पण मग तपासायला ते वाचणारा माणूस लागतो. तपासताना मधल्या चौकटीपासून कधीही सुरुवात करत नाही. टोकाच्या दोन्ही बघते.

अरबी न येणाऱ्यालाही एक तपासणी करता येते, आणि ती प्रत्येक मंडळाच्या कार्यकर्त्याने शिकून घ्यावी. मांडणीच्या जुन्या प्रणालीत अरबी चिकटवलं की अक्षरं सुटी पडतात किंवा उलट्या क्रमाने लागतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत त्यासाठी `World-Ready Layout` हा पर्याय निवडावा लागतो. तो निवडला नसेल तर काय होतं, ते शनिवार या शब्दावर बघा : "अस्-सब्त". बरोबर लिहिलेल्या शब्दाचे दोनच तुकडे दिसतात. अगदी उजवीकडे एक सुटी उभी काठी, तो अलिफ. त्याच्या डावीकडे उरलेली चार अक्षरं एकमेकांना जोडलेली, एका सलग रेघेत. पाच सुटे तुकडे दिसले तर अक्षरं तुटली आहेत. सुटी काठी डावीकडे दिसली तर शब्द उलटा लागला आहे. शनिवारचा कार्यक्रम असेल तर हा शब्द पोस्टरवर असणारच, त्यामुळे तपासायला दुसरं काही शोधावं लागत नाही. इंग्रजी शीर्षकांसाठी अक्षरांमधलं अंतर वाढवायची सवय असते, तीही अरबीत घातक. जोड तुटतात. शब्द लांबवायचाच असेल तर अक्षरांना जोडणारी रेघ ताणतात, तिला कशीदा म्हणतात, आणि ते काम जाणत्या माणसानेच करावं.

लिपीच्या वळणाबद्दल थोडंसंच सांगते. शीर्षकाला सरळ कोनांचं कूफी वळण शोभतं, तारीख-वेळ-भावांना नस्ख, कारण लहान आकारातही ते वाचता येतं. उर्दूचं नस्तालीक दुकानात सहज मिळतं म्हणून ते घालू नये. अरब वाचक ते वाचतो, पण पोस्टर आपल्यासाठी नाही असं त्याला वाटतं.

तयार चित्र मी एका इजिप्शियन सहकारी बाईंना दाखवते. त्यांना मराठी पोस्टर माहीत नसतं, म्हणून त्या उपयोगी. मी विचारते, "कार्यक्रम कधी, कुठे, आणि दोन मोठी माणसं व चार वर्षांचं मूल मधल्या वर्गात बसलं तर किती पैसे?" त्यांनी चित्राकडे बघून न अडखळता उत्तर दिलं, दोनशे पन्नास, तर पोस्टर तयार. अडखळल्या तर ज्या ओळीपाशी अडखळल्या ती बदलायची, मग माझ्या मते ती कितीही बरोबर असो. मागे एकदा त्या मोफत प्रवेशाच्या ओळीपाशी थांबल्या होत्या, कारण ती भावांपासून फार खाली गेली होती. शब्द तेच ठेवले, ओळ भावांच्या लगेच खाली आणली, आणि प्रश्न मिटला.

आणि एवढं करूनही चुकीचं चित्र बाहेर गेलंच, तर नुसतं नवं चित्र टाकू नये. जुनं परत बोलावता येत नाही, ते ग्रुपांमध्ये फिरतच राहतं, आणि दोन्ही सारखी दिसली तर कोणतं खरं ते कुणाला कळत नाही. त्या मैफलीच्या वेळी आम्ही नव्या चित्राची पार्श्वभूमी निळीची हिरवी केली, वर ठळक "सुधारित भाव" असं अरबीत आणि मराठीत दोन्हीकडे लिहिलं, आणि सोबत साधा मजकूर पाठवला : निळ्या पोस्टरवरचे भाव चुकीचे आहेत, हिरव्यावरचे ग्राह्य धरा, आधी घेतलेली तिकिटं त्याच भावाने वैध आहेत. किराणा दुकानांच्या काचांवर लावलेली निळी पोस्टरं चिटणीसांनी दोन मुलांना घेऊन त्याच संध्याकाळी स्वतः जाऊन काढली.